भाडेवाढीवर फेरविचार मागणारे एक पत्र : चार घरांच्या तुलनेतून मांडलेली बाजू

एका भाडेकरूने घरमालकास लिहिलेल्या पत्राचा हा अभ्यास आहे. पत्र छोटे होते, पण त्यामागची तयारी पाहण्यासारखी आहे, कारण आजूबाजूच्या घरांची भाडी दाखवून वाढ कमी करून घेण्याचा प्रयत्न बहुतेक वेळा तुलनेतच फसतो. प्रत्यक्ष रकमा येथे दिलेल्या नाहीत. चालू मासिक भाडे १०० धरले आहे आणि बाकीचे सर्व आकडे त्याच प्रमाणात मांडले आहेत, म्हणजे १२२ याचा अर्थ चालू भाड्यापेक्षा २२ टक्के अधिक.

घर दोन शयनखोल्यांचे, ६०० चौरस फूट चटई क्षेत्राचे, तिसऱ्या मजल्यावरचे. इमारतीला लिफ्ट नाही. इमारतीचा देखभाल खर्च भाड्यातच धरलेला, अनामत तीन महिन्यांच्या भाड्याइतकी, पार्किंग नाही. स्वयंपाकघर जुने असले तरी वापरण्याजोगे होते. फक्त सिंकखालचा पाइप अधूनमधून गळत असे. करार संपायला दोन महिने असताना घरमालकांनी फोन करून पुढील करारात भाडे १२२ राहील असे सांगितले. कारण एकच दिले : या भागात आता एवढ्यालाच घरे जात आहेत.

भाडेकरूने सर्वप्रथम करार काढून वाचला, आणि तेच योग्य होते. करारात नूतनीकरणाच्या वेळी किती टक्के वाढ होईल हे आधीच लिहिलेले असेल, तर शेजारच्या भाड्यांची तुलना कितीही नेटकी असली तरी तिचे स्थान केवळ विनंतीचे राहते. काही ठिकाणी कायदाच वाढीवर मर्यादा घालतो किंवा ठराविक मुदतीची लेखी सूचना मागतो, आणि तसे असल्यास पत्राचा पाया तो नियम असतो, तुलना नव्हे. या प्रकरणात करारात वाढीचे कलम नव्हते आणि वाढीवर कायद्याची मर्यादाही नव्हती. म्हणजे घरमालकांना १२२ मागण्याचा पूर्ण अधिकार होता आणि भाडेकरूला ते नाकारून घर सोडण्याचा. मधल्या जागेत फक्त एक प्रश्न उरत होता : या घराचे आजचे वाजवी भाडे किती?

पहिला मसुदा आणि त्यातील दोष

भाडेकरूने पहिल्या मसुद्यात पाच घरांच्या जाहिराती घेतल्या होत्या. पाचही घरे स्वस्त होती, त्यांची सरासरी ९७ येत होती, आणि त्यावरून निष्कर्ष असा काढला होता की सध्याचे भाडेच बाजारापेक्षा जास्त आहे, तेव्हा वाढ मुळीच होऊ नये. हे पत्र गेले असते तर घरमालकांनी एका वाक्यात ते बाजूला ठेवले असते. पाचपैकी दोन घरे एका शयनखोलीची होती, एक बरेच लांब होते, आणि उरलेल्या दोहोंच्या भाड्यात देखभाल खर्च धरलेला नव्हता. घरमालक त्या भागात भाडेकरूपेक्षा जास्त काळ राहिलेले असतात. कोणती घरे वगळली आहेत हे त्यांना यादी पाहताच कळते. मग निवडलेली घरेच नव्हे, तर संपूर्ण पत्र अविश्वसनीय ठरते.

त्या यादीतील एक घर विशेष फसवे होते. जाहिरातीत क्षेत्रफळ ८०० चौरस फूट आणि भाडे १०४ असे होते, म्हणजे वरवर पाहता बरेच मोठे घर जवळपास त्याच भाड्यात. पण हे ८०० चौरस फूट भिंती, बाल्कनी आणि जिन्याचा वाटा धरून सांगितलेले होते. प्रत्यक्ष चटई क्षेत्र विचारले तेव्हा ते ६४० निघाले. तुलना करताना दोन्ही घरांचे क्षेत्रफळ एकाच मापाने मोजलेले आहे ना, हे पाहिल्याशिवाय प्रति चौरस फूट भाडे काढण्याला काही अर्थ नसतो, आणि जाहिरातीत कोणते माप दिले आहे हे बहुधा लिहिलेले नसते. ते विचारावेच लागते.

दुसरा मसुदा पूर्णपणे वेगळ्या दिशेने लिहिला गेला. त्यात स्वस्त घरांचा शोध नव्हता. आपल्या घरासारखी घरे कोणती, एवढाच शोध होता, आणि ती महाग निघाली तर महाग म्हणूनच मांडायची होती. पायी दहा मिनिटांच्या आतली, दोन शयनखोल्यांची, साधारण तेवढ्याच वयाच्या इमारतींमधील घरे पाहिल्यावर चार हाती लागली. चार ही संख्या कमी वाटेल, पण घरमालकाला स्वतः जाऊन पडताळता येतील अशी चार घरे पंधरा जाहिरातींपेक्षा अधिक वजनदार असतात.

चार घरे

पहिले घर त्याच इमारतीतले, त्याच आराखड्याचे, पहिल्या मजल्यावरचे. पाच महिन्यांपूर्वी त्याच्या कराराचे ११० भाड्याने नूतनीकरण झाले होते. हा आकडा जाहिरातीतला नव्हता, प्रत्यक्ष ठरलेला होता, आणि म्हणूनच चौघांत तो सर्वांत मोलाचा. जाहिरातीतले भाडे हे घरमालकाची अपेक्षा सांगते. करारातले भाडे दोन्ही बाजूंनी मान्य केलेले असते. शेजाऱ्याने ही माहिती पत्रात वापरायला परवानगी दिली, ती घेतल्याशिवाय भाडेकरूने ती वापरली नाही.

पण पहिला मजला आणि लिफ्टविना तिसरा मजला यांचे भाडे सारखे असू शकत नाही. मग फरक किती धरायचा? येथे अंदाज बांधण्याऐवजी भाडेकरूने अशी जोडी शोधली, जिच्यात मजल्याखेरीज काहीही वेगळे नाही. शेजारच्या लिफ्ट नसलेल्या इमारतीत एकाच आराखड्याची दोन घरे एकाच महिन्यात दिली गेली होती, पहिल्या मजल्यावरचे ११० ला आणि चौथ्या मजल्यावरचे १०४ ला. तीन मजल्यांत ६ चा फरक, म्हणजे दर मजल्यामागे सुमारे २. एकाच जोडीवरून काढलेला आकडा पक्का म्हणता येणार नाही आणि पत्रातही तो ‘अंदाजे’ असाच लिहिला गेला, पण तो कुठून आला हे सांगता येत होते. त्या हिशेबाने पहिल्या घराच्या ११० मधून दोन मजल्यांचे ४ वजा केल्यावर १०६ उरतात.

दुसरे घर दोन गल्ल्या पलीकडचे, जवळपास तेवढेच, तिसऱ्या मजल्यावरचे, लिफ्ट नसलेले. ते रिकामे होते आणि जाहिरात सात आठवडे चालू होती. सुरुवातीला १२० मागितले होते, मग ११२ केले, तरी ते गेले नव्हते. बरेच भाडेकरू अशा जाहिरातीतला आकडा ‘बाजारभाव’ म्हणून देतात. वास्तविक ती वेगळीच गोष्ट सांगते : एवढ्या भाड्याला घेणारा अजून मिळालेला नाही, म्हणजे हा आकडा म्हणजे छत आहे आणि खरे भाडे त्याच्या खाली असावे. मात्र त्या घराची अनामत सहा महिन्यांची होती, आपल्या घरापेक्षा तीन महिने जास्त. ही जास्तीची रक्कम ३३६ होते. ती सुरक्षित ठेवीत वर्षाला ६ टक्क्यांनी गुंतवली असती तर वर्षाला सुमारे २०, म्हणजे महिन्याला सुमारे १.७ मिळाले असते. तेवढे व्याज भाडेकरू गमावतो, म्हणून त्या घराचा खरा मासिक भार ११२ नसून ११४ च्या आसपास आहे. ही दुरुस्ती भाडेकरूच्या विरुद्ध जाते. ती तरीही पत्रात आली, आणि माझ्या मते पत्राला वजन आले ते अशाच ठिकाणी.

तिसरे घर म्हणजे तेच, ८०० चे ६४० झालेले. त्याच्या १०४ भाड्यात देखभाल खर्च नव्हता. तो सुमारे ६ होता, म्हणून तुलनेसाठी भाडे ११० धरावे लागले. आता क्षेत्रफळ. सरळ प्रमाण लावले तर ६०० चौरस फुटांचे भाडे १०३ येते. पण घर लहान झाले म्हणून भाडे त्याच प्रमाणात उतरत नाही, कारण स्वयंपाकघर आणि न्हाणीघर लहान घरातही लागतेच आणि भाड्याचा मोठा भाग त्या सोयींचा असतो. म्हणून फरकाच्या निम्मीच सूट धरली तर आकडा १०७ च्या जवळ जातो. पत्रात १०३ ते १०७ असा पट्टा दिला. इथे एकच नेमका आकडा देण्याचा मोह आवरला हे चांगले झाले.

चौथे घर १२४ चे होते. घरमालकांच्या मनात बहुधा हेच घर होते, आणि पहिल्या मसुद्यात त्याचा उल्लेखही नव्हता. ते तिसऱ्या मजल्यावरचे पण लिफ्ट असलेल्या इमारतीतले, पार्किंगसह आणि नव्याने केलेल्या स्वयंपाकघराचे होते. त्या इमारतीत पार्किंग नको असल्यास भाडे ७ ने कमी होते, म्हणून पार्किंग सोडून ११७. लिफ्टमुळे तीन मजल्यांचा त्रास उरत नाही, त्याचे आधीच्या हिशेबाने सुमारे ६ वजा केले की १११. नव्या स्वयंपाकघराचे मूल्य किती, हे ठरवायला भाडेकरूकडे काहीच आधार नव्हता. त्याने ते तसेच लिहिले : उरलेल्या १११ मध्ये नव्या स्वयंपाकघराचा काही वाटा आहे, तो किती हे मी सांगू शकत नाही, पण आपल्या घराचे भाडे त्यामुळे १११ पेक्षा खालीच येते.

अशा रीतीने चार वेगवेगळ्या वाटांनी जाऊन आकडे १०३ ते १११ यांच्या दरम्यान आले, आणि ११४ हे छत दिसले. सरासरी काढलेली नाही, हे लक्षात घ्यावे. ज्या घरात दुरुस्त्या कमी त्याचे म्हणणे जास्त ऐकावे, हा नियम येथे पाळला गेला. म्हणून पहिल्या घराचा १०६ हा मध्यबिंदू मानला आणि चौथ्या घराला, ज्यात तीन मोठे फरक होते, केवळ वरची मर्यादा दाखवण्यापुरते स्थान दिले.

पत्र

पत्राचा मुख्य भाग असा होता :

‘माननीय महोदय,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष. पुढील करारात भाडे १२२ करण्याबाबत आपण फोनवर कळवले होते. मला या घरात पुढेही राहायचे आहे, आणि काही वाढ व्हावी हे मला मान्य आहे. तथापि १२२ हा आकडा आपल्या घराच्या तुलनेत जास्त वाटतो, म्हणून त्यावर फेरविचार करावा अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

जवळच्या चार घरांची माहिती सोबतच्या पानावर दिली आहे. त्यात १२४ भाड्याचे एक घरही आहे, कारण आपण ज्या दराचा उल्लेख केलात तो त्या घराशी जुळतो. त्या घराला लिफ्ट, पार्किंग आणि नवे स्वयंपाकघर आहे. आपल्या घरात या तिन्ही सोयी नाहीत. आपल्याच इमारतीतील, आपल्याच आराखड्याचे पहिल्या मजल्यावरचे घर पाच महिन्यांपूर्वी ११० ला ठरले आहे. मजला, क्षेत्रफळ, देखभाल खर्च आणि अनामत यांचा फरक लक्षात घेता आपल्या घराचे भाडे १०३ ते १११ यांच्या दरम्यान यावे असे मला वाटते. हिशेबात कुठे चूक असेल तर कृपया दाखवावी, मी ती दुरुस्त करीन.

यावरून मी १०८ भाड्याने दोन वर्षांचा करार करण्यास तयार आहे. आजवरचे भाडे वेळेवर दिलेले आहे आणि पुढेही देईन. करार संपण्यापूर्वी दोघांनाही पुरेसा वेळ मिळावा म्हणून येत्या पंधरा दिवसांत आपले मत कळवावे, ही विनंती. आपल्या सोयीच्या वेळी भेटून बोलायला मला आनंद वाटेल.

कळावे,
आपला नम्र’

या पत्रात तीन गोष्टी नाहीत. घर सोडण्याची धमकी नाही, स्वतःच्या उत्पन्नाची किंवा अडचणींची कथा नाही, आणि सिंकच्या गळतीची तक्रारही नाही. पहिल्या दोन गोष्टी वगळल्या हे मला पटते, कारण घराचे भाडे घराच्या गुणांवर ठरावे असे म्हणणाऱ्या पत्रात भाडेकरूची अडचण आली की घरमालकही आपल्या खर्चाची अडचण मांडतात आणि तुलनेचा मुद्दा बाजूला पडतो. गळतीचा उल्लेख मात्र भेटीसाठी राखून ठेवला होता. दुरुस्ती ही घरमालकाला भाड्याऐवजी देता येण्यासारखी गोष्ट असते, आणि वाटाघाटीत असे काही शिल्लक असणे दोघांच्याही उपयोगाचे असते.

घर रिकामे राहिल्यास काय होईल याचा हिशेब भाडेकरूने केला होता, पण पत्रात घातला नाही. तो हिशेब असा. १२२ आणि १०८ यांत महिन्याला १४ चा फरक, म्हणजे वर्षाला १६८. घर नव्या भाडेकरूला १२२ लाच गेले, पण मध्ये एक महिना रिकामे राहिले, तर त्यातले १२२ तिथेच गेले. रंगकाम आणि मध्यस्थाचे शुल्क असल्यास ते वेगळे. आणि चार घरांच्या तुलनेप्रमाणे नवे भाडे ११० च ठरले, तर वर्षभरात जास्तीचे मिळतात २४ आणि रिकाम्या महिन्यात जातात ११०. हा हिशेब घरमालक स्वतः करू शकतात. भाडेकरूने तो लिहून दिला की त्याला इशाऱ्याचा वास येतो. अर्थात हा केवळ माझा कल आहे. जिथे मालक एखादी संस्था आहे आणि निर्णय घेणाऱ्याला वरिष्ठांना आकडे दाखवायचे आहेत, तिथे हाच हिशेब पत्रासोबत जोडणे उपयोगी पडू शकते.

उत्तर आणि वाटाघाट

घरमालकांनी आठवड्याभरात भेटायला बोलावले. त्यांनी चौथ्या घराचा मुद्दा लगेच मान्य केला. पार्किंगची रक्कम वेगळी असते हे त्यांना माहीत नव्हते. त्यांचा आक्षेप पहिल्या घरावर होता. “ते नूतनीकरण आहे,” ते म्हणाले, “जुन्या भाडेकरूला कमीच लावतात. नवा माणूस आला असता तर जास्त मिळाले असते.” हा आक्षेप खरा आहे. सलग राहणाऱ्या भाडेकरूचे भाडे नव्या करारापेक्षा थोडे खाली असण्याची शक्यता असते, कारण मालक रिकाम्या महिन्याचा धोका टाळण्यासाठी थोडी सूट देतो. भाडेकरूचे उत्तर साधे होते : “आपला करारही नूतनीकरणच आहे ना?” नव्या भाडेकरूच्या दराशी तुलना करायची असेल तर नव्या भाडेकरूबरोबर येणारा रिकामा महिनाही धरावा लागेल, एवढेच तो पुढे म्हणाला.

दुसरा आक्षेप पाच महिन्यांच्या जुन्या आकड्यावर होता. भाडी वेगाने चढत असतील तर पाच महिन्यांपूर्वीचा करार आजचे भाडे कमी दाखवतो. यावर पुरावा दुसऱ्या घराने दिला : त्याच काळात त्या घराची मागणी १२० वरून ११२ वर उतरली होती. चढत्या बाजारात असे सहसा होत नाही. उलट, ती जाहिरात आठवड्याभरात मूळ दराने संपली असती, तर भाडेकरूची सगळी बाजू सैल झाली असती आणि १०८ चा आग्रह धरणे चुकीचे ठरले असते. आपली तुलना बाजाराच्या मागे पडली आहे का, हे ओळखण्याची खूण हीच. सारखी घरे किती लवकर जातात आणि मागितलेल्या दराच्या वर जातात की खाली, हे पाहावे.

घरमालकांनी मग ११२ सुचवले, स्वतःचा देखभाल खर्च वाढल्याचे सांगितले, आणि तो भाड्यातच धरलेला असल्याने हे म्हणणे रास्त होते. भाडेकरूने त्या वेळी गळतीचा विषय काढला. शेवटी भाडे ११० ठरले, दुसऱ्या वर्षी ११४, आणि सिंकखालचा पाइप करारावर सही होण्यापूर्वी बदलून देण्याचे घरमालकांनी मान्य केले. ११० हा आकडा भाडेकरूच्या पट्ट्यात वरच्या टोकाला आहे, पण मूळ मागणीपेक्षा पहिल्या वर्षी तो एकूण १४४ ने कमी आहे.

नव्या करारात दोन वाक्ये जास्तीची घातली गेली. देखभाल खर्च भाड्यात धरलेला आहे हे पहिल्यांदाच लेखी आले. जुन्या करारात ते नव्हते, केवळ रूढी म्हणून चालत होते, आणि तसेच राहिले असते तर पुढच्या वेळी ११० भाडे आणि वर ६ असा अर्थ कुणीही काढू शकला असता. दुसरे वाक्य दुसऱ्या वर्षाच्या ११४ चे. तिथे टक्केवारी न लिहिता रक्कमच लिहिली, कारण टक्के कशावर मोजायचे, मूळ भाड्यावर की देखभालीसह एकूण रकमेवर, हा वाद रक्कम लिहिल्याने उरत नाही.